तेवढं जरा घेऊन टाका

‘मॅडम, डिझाईन एकदम मस्त झालंय. घरी सगळ्यांना आवडलं. उत्पादनांची यादी सोबत जोडली आहे, काही आयटम वाढलेत, तेवढे जरा घेऊन टाका. बाकी सगळं ओके.’

या मेलमध्ये पंधरा तासांचं काम आहे. ते मजकुरात कुठेच दिसत नाही. जोडलेली एक्सेल फाईल उघडून ओळी मोजल्या तरच दिसतं. ‘काही’ म्हणजे छत्तीस.

उदाहरण रचलेलं आहे, पण स्वतंत्रपणे काम घेणाऱ्या कुठल्याही डिझायनरला, भाषांतरकाराला किंवा वास्तुरचनाकाराला ते ओळखीचं वाटेल. पुण्यात घरून काम करणारी एक वेबसाइट डिझायनर आहे. तिचा क्लायंट कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीतली एक फाउंड्री. पंप आणि व्हॉल्व्हची कास्टिंग ओतणारा हा घरचा धंदा. मोठे भाऊ व्यवहार बघतात, मेलही तेच लिहितात. कोटेशनमध्ये लिहिलेलं असं : इंग्रजीत सात पानांची साइट, त्यात 24 उत्पादनं, करेक्शनचे दोन राऊंड, मजकूर आणि फोटो फाउंड्रीने द्यायचे, मुदत पाच आठवडे, रक्कम 70,000 रुपये. निम्मे पैसे आधी, 30 टक्के डिझाईन मंजूर झाल्यावर आणि उरलेले 20 टक्के साइट सुरू होण्याआधी. तिने मनाशी सत्तर तास धरले होते, म्हणजे ताशी हजार रुपये.

ठरलेल्या कामाची हद्द अशी एकेका मेलने पुढे सरकत जाते, तिला या धंद्यात ‘स्कोप क्रीप’ म्हणतात. बांधकामवाल्यांना हा प्रकार पूर्वीपासून ठाऊक आहे आणि त्यांनी त्याची सोयही करून ठेवली आहे. निविदेत नसलेलं काम निघालं की ते ‘एक्स्ट्रा आयटम’ म्हणून वेगळं लिहायचं, दर मंजूर करून घ्यायचा आणि मग हात लावायचा. त्यात कुणाला राग येत नाही, कारण खिडकी वाढली तर पैसे वाढणार हे दोन्ही बाजूंना डोळ्यांनी दिसतं. मेलवर चालणाऱ्या कामात वाढलेली खिडकी दिसत नाही. क्लायंटला तर नाहीच. फाउंड्रीच्या साहेबांना मनापासून वाटतं, की यादीत नावं टाकली की ती साइटवर येतात. त्यांच्या मेलमध्ये लबाडी शोधत बसलं तर उत्तराचा सूर पहिल्या ओळीपासूनच बिघडतो.

म्हणून आधी मेल वाचायचा कसा, ते बघू. कौतुक, घाई आणि ‘जरा’, ‘फक्त’, ‘पटकन’ हे शब्द नजरेआड करायचे आणि उरलेलं वाक्य कोटेशनशेजारी ठेवायचं. वरच्या मेलमध्ये उरतं ते एवढंच : ‘साठ उत्पादनं घ्या.’ कोटेशन म्हणतं चोवीस. इतका उघडा फरकही अनेकदा निसटतो, कारण मेल मोबाईलवर, दुसरं काही करताना वाचला जातो आणि ‘बाकी सगळं ओके’ वाचून जीव इतका सुखावतो की ‘हो सर, करते’ असं उत्तर जाऊनही चुकतं. जोडलेली फाईल न उघडता ‘करते’ लिहायचं नाही, एवढा एक नियम पाळला तरी निम्मी हद्द जागेवर राहते.

आकडा वाढतो तो प्रकार तरी ओळखायला सोपा. माणूस वाढतो तेव्हा कळत नाही. होमपेज मंजूर झाल्यावर दहा दिवसांनी मेल येतो : ‘आमचे धाकटे बंधू पुण्यात आयटीत असतात, त्यांना सीसीत घेतलंय. त्यांचेही दोन मुद्दे बघून घ्या.’ मागोमाग बंधूंचा अकरा मुद्द्यांचा मेल. त्यातले चार साधे आहेत : फोन नंबर चुकलाय, लोगो लहान दिसतो, एका पानावर जुना पत्ता राहिलाय, एक स्पेलिंग चुकलंय. उरलेल्या सातांमध्ये रंग बदला, मेनू डावीकडे न्या, वरचा मोठा फोटो काढून तिथे व्हिडिओ टाका, असं आहे. यात काम वाढल्याचं कुणीच लिहिलेलं नाही. सगळं ‘करेक्शन’ या नावाखाली आलं आहे. प्रत्यक्षात मंजूर झालेला निर्णय पुन्हा उघडला गेला आहे आणि आता होकार एकाचा नसून दोघांचा लागणार आहे. सीसीच्या ओळीत नवं नाव दिसलं की मजकुराआधी ते नाव वाचावं, असं मी म्हणेन.

तिसरी जात ‘बोलल्याप्रमाणे’ने सुरू होते. ‘बोलल्याप्रमाणे मराठी व्हर्जनही सोबतच लाईव्ह करू.’ बोलणं झालं होतं हे खरं. फोनवर साहेबांनी विचारलं होतं, ‘मराठीत पण होईल का?’ तिने म्हटलं होतं, ‘होईल की.’ तिच्या लेखी ते तांत्रिक उत्तर होतं आणि साहेबांच्या लेखी शब्द दिला गेला. दोघंही खोटं बोलत नाहीत. पण आता ‘बोलल्याप्रमाणे’ कागदावर आलं आहे, आणि ते बिनउत्तर राहिलं तर पुढच्या मेलमध्ये त्याचं ‘ठरल्याप्रमाणे’ होतं.

क्लायंटने करायचं काम अलगद आपल्या अंगावर येणं, हाही एक प्रकार आहेच. ‘फोटो पाठवलेत, थोडे काळपट आलेत, तुम्हीच नीट करून घ्या.’ फाउंड्रीत भट्टीजवळ मोबाईलवर काढलेले साठ फोटो. एकेकाची पार्श्वभूमी साफ करायला दहा मिनिटं धरली तरी दहा तास होतात.

बेरीज करून बघा. वाढीव उत्पादनांचे पंधरा तास, फोटोंचे दहा, बंधूंच्या सात मुद्द्यांचे बारा. सदतीस तास झाले, आणि मराठी आवृत्ती अजून यात धरलेली नाही. सत्तर तासांचं काम एकशे सात तासांवर गेलं. रक्कम तीच राहिली तर ताशी हजाराचे साडेसहाशे होतात. एकाही मेलमध्ये कुणी पैसे कमी करा म्हटलेलं नाही.

मात्र प्रत्येक नवी मागणी म्हणजे हद्द ओलांडणं नव्हे. मोबाईलवर मेनू उघडत नसेल तर ती तिची चूक आहे, ती फुकटच दुरुस्त करायची, आणि तिसऱ्या राऊंडनंतर कळली तरी. कोटेशनमध्ये नुसतं ‘उत्पादनांची पानं’ असं लिहून आकडा दिलाच नसेल, तर साठ मागणारा क्लायंट चुकत नाही. तिथे संदिग्धता लिहिणाऱ्याची आहे आणि तिचा भार बऱ्याच अंशी लिहिणाऱ्यानेच उचलावा. फार तर खर्च वाटून घ्यावा आणि या वेळी तरी आकडा लिहून टाकावा. आधी हे तपासलं नाही तर पुढची सगळी नेमकी वाक्यं उद्धट वाटतात, कारण ती खरी नसतात.

आता उत्तर. छत्तीस उत्पादनांच्या मेलला तिने त्याच दिवशी पाठवलेलं उत्तर असं :

‘नमस्कार सर,
यादी मिळाली. साठही उत्पादनं साइटवर आली तर खरेदीदाराला ग्रेड आणि साइझ तिथेच बघता येईल, त्यामुळे ती यावीत असं मलाही वाटतं.
कोटेशनमध्ये आपण 24 उत्पादनं धरली होती. वाढीव 36 साठी दोन मार्ग आहेत.
पहिला : प्रत्येकाचं फोटोसह स्वतंत्र पान. एका पानाचे 400 रुपये, एकूण 14,400. साइट 18 ऐवजी 22 तारखेला सुरू होईल.
दुसरा : 24 पानं ठरल्याप्रमाणे, आणि उरलेल्या 36 चा एका पानावर तक्ता, त्यात नाव, ग्रेड, साइझ. त्याचे 2,000 रुपये. तारीख 18 हीच.
यातलं काय करायचं ते बुधवारपर्यंत कळवाल का? तोवर 24 पानांचं काम चालू ठेवते, म्हणजे वेळ वाचेल.’

या पत्रात ‘नाही’ कुठेच आलेलं नाही, आणि ‘सॉरी’ही नाही. माफी मागितली की आपण काहीतरी चुकीचं करतोय अशी कबुली जाते आणि समोरचा उदारपणे ‘असू दे, असू दे, पण एवढं करा’ म्हणायला मोकळा होतो. सुरुवात त्यांच्या मागणीमागच्या गरजेला धरून आहे. कास्टिंग घेणारा माणूस साइटवर रंगसंगती बघायला येत नाही, तो साइझ शोधायला येतो. ते तिला कळलंय हे साहेबांना दिसतं, आणि दुसरा मार्ग त्याच समजुतीतून सुचलेला आहे. खर्च सातवा हिस्साही नाही, आणि खरेदीदाराचं काम बहुतेक भागतं. नुसत्या वाढीव दराचं पत्र पाठवलं असतं तर साहेबांपुढे ‘द्या किंवा सोडा’ एवढंच उरलं असतं. दोन मार्ग दिल्यावर ते नकाराऐवजी निवड करायला बसतात.

‘कोटेशनमध्ये आपण 24 उत्पादनं धरली होती’ हे वाक्य लहान आहे आणि पत्राचा सगळा भार त्याच्यावर आहे. त्यात ‘आपण’ आहे. ‘तुम्ही तर 24च सांगितली होती’ असं लिहिलं की तीच माहिती आरोप होते. त्याला ‘पण’ जोडलेला नाही, कारण आधीच्या वाक्यातला होकार ‘पण’ आला की पुसला जातो. आणि शेवटच्या ओळीत साहेबांनी काहीच न कळवलं तर काय होईल तेही ठरवून टाकलं आहे : चोवीसचं काम चालू राहील. उत्तर आलं नाही तर ती अडकत नाही आणि साहेबांची तारीखही चुकत नाही.

लोक इथे हमखास लिहितात ते दुसरंच : ‘सध्या जरा कामाचा ताण आहे.’ सभ्य वाटतं, म्हणून. साहेबांचं उत्तर ठरलेलं : ‘काही घाई नाही मॅडम, पुढच्या आठवड्यात करा.’ सबब वेळेची दिली, तर तोडगाही वेळेचाच मिळतो. मुद्दा ठरलेल्या कामाचा असेल तर तोच सांगावा.

यावर फोन येणार हे धरूनच चालावं. ‘अहो मॅडम, कॉपी-पेस्टच तर करायचं हाय की. त्याला चौदा हजार?’ हा प्रश्न चिडून विचारलेला नसतो, त्यांना खरंच तसं वाटत असतं. उत्तरात आपल्या शिक्षणाचा आणि अनुभवाचा पाढा वाचण्यात अर्थ नाही. एका उत्पादनाचं काम सांगावं : फोटो कापून बसवायचा, आठ रकान्यांचा तक्ता भरायचा, चौकशीचा फॉर्म जोडायचा, मोबाईलवर बघायचं; पंचवीस मिनिटं जातात. ज्या माणसाने आयुष्यभर एका नगामागे किती धातू आणि किती वेळ जातो याचा हिशेब केला आहे, त्याला ही भाषा लगेच कळते. तरीही नको वाटलं तर तिसरा मार्ग आहे : ‘तुमच्या ऑफिसातलं कुणी भरणार असेल तर मी रिकामी पानं तयार करून देते आणि त्यांना तासभर शिकवते. त्याचे वेगळे पैसे नकोत.’ ही सवलत आहे आणि तिला कडा आहेत : एक तास, एकदाच. बिनकाठाची सवलत म्हणजे ‘काही अडलं तर फोन करा’, जी वर्षभर पुरते.

फोन ठेवल्यावर लगेच दोन ओळींचा मेल जायला हवा. ‘आत्ता बोललो त्याप्रमाणे 36 उत्पादनं तुमच्या ऑफिसातून भरली जातील, मी पानं शनिवारपर्यंत देते. काही राहिलं असेल तर सांगा.’ आपल्याकडे निम्मे व्यवहार फोनवर ठरतात आणि ते बंद करणं शक्यही नाही, गरजेचंही नाही. फक्त ‘बोलल्याप्रमाणे’ पहिल्यांदा लिहिणारे आपण असावं.

बंधूंच्या अकरा मुद्द्यांना उत्तर देणं जास्त नाजूक आहे, कारण तिथे मामला घरातला आहे. ‘डिझाईन मंजूर झालंय, आता बदल होणार नाहीत’ असं सीसीत सगळ्यांसमोर लिहिलं, तर मोठ्या भावाला धाकट्याची बाजू घ्यावीच लागेल. कोणत्या भावाचं ऐकायचं हे डिझायनरने ठरवायचं नसतं, आणि कुणालाही तशी निवड करायला लावायची नसते. तिने मोठ्या भावांना उत्तर दिलं, बंधू सीसीत ठेवून :

‘मुद्दे मिळाले, नीट बघितले. 1, 4, 5 आणि 9 दुसऱ्या राऊंडमध्ये बसतात, उद्या संध्याकाळपर्यंत करते. पत्त्याची चूक दाखवली ते बरं झालं. उरलेले सात रंग आणि मेनूच्या रचनेबद्दल आहेत. ते 3 तारखेला आपण नक्की केले होते आणि पुढची सहा पानं त्यावरच उभी आहेत. ते बदलायचे असतील तर साधारण 12 तासांचं काम आहे, 12,000 रुपये आणि एक आठवडा. तुम्ही दोघांनी एकदा बोलून जे ठरेल त्याची एकच यादी पाठवलीत तर मी त्याप्रमाणे पुढे जाते.’

चार मुद्दे मान्य करण्याला इथे फार महत्त्व आहे. बंधूंचं म्हणणं ऐकलं गेलं, त्यांच्या नजरेला एक खरी चूक सापडली, हे सगळ्यांसमोर आलं. ‘तुम्ही दोघांनी बोलून’ या वाक्याने मतभेद, असलाच तर, घराच्या आत गेला. बहुतेक वेळा असं होतं, की बारा हजार हा आकडा बघून सातांतला एखादाच मुद्दा परत येतो. तो लहान असेल तर करून द्यावा.

मराठी आवृत्तीच्या ‘बोलल्याप्रमाणे’ला उत्तर देताना मोह होतो तो ‘असं काही ठरलं नव्हतं’ लिहिण्याचा. म्हणजे समोरच्याला खोटं ठरवायचं, आणि तेही तो पूर्ण खोटा नसताना. त्याऐवजी : ‘मराठीचा विषय फोनवर निघाला होता आणि ती करता येईल असं मी म्हटलं होतं, बरोबर. तेव्हा खर्च आणि वेळ यावर बोलणं राहिलं, ते आता लिहून देते.’ मग भाषांतर कोण करणार, किती पानांचं, किती रुपये, केव्हा. शब्द मागे घेतला असं दिसत नाही, आणि त्या शब्दाची नेमकी किंमतही पुढे येते.

इथे कायद्याची थोडी माहिती असलेली बरी, धाक घालायला नव्हे, स्वतःला भान राहावं म्हणून. 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात नंतर घातलेलं 10अ हे कलम सांगतं, की करार इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला एवढ्याच कारणाने तो निरुपयोगी ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही 2010 मध्ये ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता या बॉक्साइटच्या व्यवहारात ई-मेलवर ठरलेल्या गोष्टींना करार मानलं, औपचारिक कागद झालेला नसतानाही. याचा अर्थ साहेबांचं एका ओळीचं ‘ओके, दुसरा मार्ग करा’ पुरेसं आहे, स्टॅम्पपेपर लागत नाही. आणि तिचं ‘हो सर, करते’ हेही तितकंच पुरेसं आहे. नुसतं गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे, पण गप्प राहून काम करायला लागलं की वागण्यातूनच होकार दिसतो.

1872 च्या भारतीय करार कायद्याचं 70 वं कलम लोक कधीकधी आधार म्हणून सांगतात : फुकट करण्याचा हेतू नसताना कुणासाठी कायदेशीर काम केलं आणि त्याने लाभ घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. कलम चांगलं आहे. पण दर वेळी ‘काही हरकत नाही सर’ लिहिलेले सहा मेल फाईलमध्ये असताना हेतू फुकट करण्याचा नव्हता, हे दाखवणार कसं? आणि पंधरा-वीस हजारांसाठी कोर्टाची पायरी कोण चढतो?

म्हणून सगळ्यात अवघड पत्र ते, जे उशिरा लिहावं लागतं. समजा तिने यातलं काहीच केलं नाही. छत्तीस उत्पादनं भरली, फोटो साफ केले, रंग बदलले, आणि सहाव्या आठवड्यात ‘ब्रोशरची पीडीएफही त्याच डिझाईनमध्ये जरा करून द्या’ हा मेल आला. अशा वेळी साठलेलं सगळं बाहेर पडतं. आतापर्यंत काय काय केलं त्याची यादी, प्रत्येकापुढे तास, आणि शेवटी ‘तरीही मी एक शब्द बोलले नाही’. या पत्राने पैसे मिळत नाहीत आणि माणूस तुटतो. साहेबांच्या नजरेतून पाहिलं तर गेल्या आठवड्यापर्यंत सगळं छान चाललं होतं आणि अचानक हिशेब काढला गेला.

झालेल्याचे पैसे सुटले असं धरावं आणि रेघ आजपासून ओढावी. पण सुटले ते गुपचूप सोडू नयेत :

‘साइट आता पूर्ण होत आली, म्हणून एकदा सगळं एका जागी लिहून ठेवते. मूळ कोटेशनमधली सात पानं आणि 24 उत्पादनं झाली. त्याशिवाय 36 उत्पादनं, फोटोंची दुरुस्ती आणि रंगांतला बदल हे वाढीव काम मी याच रकमेत धरलं आहे, बिलात ते शून्य रुपये म्हणून दिसेल. ब्रोशर हे वेगळं काम आहे, आठ पानांचे 8,000 रुपये आणि पाच दिवस. साइट सुरू झाल्यावर लगेच घेऊ शकते. सुरू करू का?’

बिलात ‘वाढीव उत्पादनं 36, नेहमीचा दर 14,400, या कामासाठी 0’ अशी ओळ घालणं हा जुन्या मुरलेल्या व्यावसायिकांचा प्रकार आहे आणि तो मला फार आवडतो. यात तक्रार नाही, उपकाराची भाषा नाही, आणि तरी किंमत छापून येते. पुढच्या वर्षी साहेब आणखी वीस उत्पादनं घालायला सांगतील तेव्हा एका उत्पादनाचे चारशे हा आकडा त्यांच्या फाईलमध्ये असेल. सवलत सुरुवातीलाच, स्वखुशीने द्यायची असेल तेव्हाही हीच ओळ वापरावी. लहानसहान गोष्टी सोडून द्याव्यात यात वाद नाही. दोन-तीन तासांपर्यंतचं काम मोजत बसलं तर कोणी पुन्हा फोन करणार नाही. फक्त सोडलेलं दिसलं पाहिजे.

या सगळ्या वाक्यांना मर्यादा आहेत. ती चालतात ती हातात अजून काही असताना. शेवटचे 20 टक्के, म्हणजे 14,000 रुपये, यायचे आहेत आणि साइट अजून तिच्या सर्व्हरवर आहे, तोवर दोन्ही बाजूंना व्यवहार पुरा करण्यात रस असतो. साइट सुरू करून, पासवर्ड देऊन, मग वाढीव कामाचा विषय काढला तर पत्र कितीही गोड असलं तरी उत्तर येईलच असं नाही. जिची निम्म्याहून जास्त कमाई एकाच क्लायंटकडून येते, तिच्या दोन मार्गांच्या पत्रामागेही बळ नसतं, आणि ते समोरच्याला वासावरून कळतं. आणि काही लोक असे असतात, की त्यांना तीनदा नीट, दर लिहून कळवलं तरी चौथा मेल ‘तेवढं जरा’नेच सुरू होतो. त्यांच्याशी शब्दांची कारागिरी थांबवावी. ठरलेलं काम पूर्ण करून द्यावं, आणि पुढच्या कामाचं कोटेशन मुळातच तीस टक्के वाढवून द्यावं. घेतलं तर ठीक.

आपल्या फाउंड्रीचा शेवटचा मेल येतो तो साइट सुरू झाल्याच्या संध्याकाळी. ‘अभिनंदन मॅडम, फार सुंदर काम. अधूनमधून बघत राहा म्हणजे झालं.’ हा आभाराचा मेल आहे. तो तसाच वाचून ‘नक्की सर’ म्हणायचा मोह होतो, आणि एरवी सावध असलेले लोकही इथे फसतात, कारण या मागणीला आकडा नाही, माणूस नाही आणि शेवटची तारीखही नाही. तिने लिहिलं : ‘मनापासून धन्यवाद सर, तुमच्याबरोबर काम करायला मजा आली. पुढचे 30 दिवस माझ्या कामातली कुठलीही चूक दिसली तर लगेच कळवा, ती मी दुरुस्त करून देईन. त्यानंतर बदल, नवी उत्पादनं आणि बॅकअप यांसाठी महिन्याला 1,500 रुपयांत चार तास, किंवा लागेल तेव्हा ताशी 1,000, जे सोयीचं वाटेल ते.’

साहेबांनी महिन्याचा करार घेतला नाही. चार महिन्यांनी फोन आला, नव्या व्हॉल्व्हची सहा उत्पादनं घालायची होती. ‘सहा गुणिले चारशे ना?’ त्यांनीच विचारलं.